माजी सहकारिणीचे शिफारसपत्र: काय लिहावे, काय वगळावे

*प्रश्न: मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमचा प्रमुख आहे. माझ्या टीममध्ये तीन वर्षे काम करून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एका टेस्टरने माझ्याकडे रेफरन्स लेटर मागितले आहे. दुसऱ्या कंपनीत ती टेस्ट लीडच्या जागेसाठी अर्ज करते आहे. बग शोधण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. एकदा ऐन रिलीजच्या आदल्या दिवशी तिने ग्राहकाला पैसे परत करण्याच्या व्यवहारातली मोठी चूक पकडली होती. पण तिचे साप्ताहिक रिपोर्ट वेळेवर यायचे नाहीत आणि नवीन मुलांना शिकवणे तिला जमायचे नाही. शेवटच्या वर्षी आजारपणामुळे तिच्या बऱ्याच रजा झाल्या. त्यातच, मीटिंगमध्ये ती अपमानास्पद बोलली अशी तक्रार एका ज्युनिअरने एचआरकडे केली आणि चौकशी पूर्ण होण्याआधीच तिने राजीनामा दिला. त्या मीटिंगला मी नव्हतो. मला खोटे लिहायचे नाही, तिचे नुकसानही करायचे नाही, आणि उद्या कोणी माझ्यावर दावा ठोकावा अशीही इच्छा नाही. काय लिहू? — एक टीम लीड*

पत्र जरूर लिहा, मात्र ते तुम्ही पाहिलेल्या टेस्टरविषयीचे असू द्या. टेस्ट लीड म्हणून तुम्ही तिला पाहिलेलेच नाही, तेव्हा त्याविषयी ग्वाही देण्याच्या फंदात पडू नका. आजारपण, रजा आणि अर्धवट राहिलेली चौकशी या गोष्टी पत्राबाहेर ठेवा. शिकवण्यातली उणीव मात्र वगळू नका, कारण ती थेट नव्या कामाशी निगडित आहे. आणि पत्र नव्या कंपनीकडे जाण्याआधी तिला वाचायला द्या.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी एचआरला एक ईमेल करा आणि त्यात दोन गोष्टी विचारा. पहिली म्हणजे, माजी कर्मचाऱ्यासाठी पत्र देण्याची तुम्हाला मुभा आहे का, आणि असल्यास ते लेटरहेडवर द्यायचे की व्यक्तिगत. पुष्कळ कंपन्या फक्त हुद्दा आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख एवढेच लेखी देतात, आणि तेही एचआरमार्फतच. असे धोरण असताना लेटरहेड वापरले तर तुम्ही कंपनीला तुमच्या मतांत ओढता, आणि काही बिनसले तर कंपनी तुमच्या पाठीशी उभी राहीलच असे नाही. व्यक्तिगत ईमेलवरून ‘हे माझे वैयक्तिक मत आहे’ अशी ओळ टाकून लिहिले की सगळे निभावते, असा एक समज आहे. त्या ओळीने कंपनीची जबाबदारी कमी होत असेल, तुमची होत नाही. आणि धोरणात व्यक्तिगत पत्रांनाही मनाई असेल तर ती मनाई तशीच राहते.

दुसरा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही, पण तुमच्या प्रकरणात तो पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे: ती नोकरी सोडताना कंपनीत आणि तिच्यात काही लेखी समझोता झाला होता का? चौकशी चालू असताना दिलेल्या राजीनाम्यामागे कधीकधी असा समझोता असतो, आणि त्यात पुढे कोणी विचारले तर कंपनीने काय सांगायचे, याचा मजकूर शब्दशः ठरवलेला असतो. टीम लीडला याची कल्पना नसते. तुम्ही चांगल्या हेतूने चार ओळी जास्त लिहिल्या तरी कंपनीच्या बाजूने तो करारभंग ठरू शकतो. एचआरने ‘असा मजकूर ठरला आहे’ असे सांगितले तर विषय तिथेच संपला. तो मजकूर एचआरच पाठवील आणि तुम्ही तिला तसे कळवाल. ‘काही ठरलेले नाही, व्यक्तिगत पत्र द्यायला हरकत नाही’ असे उत्तर आले तर तो ईमेल जपून ठेवा आणि पुढे वाचा.

कायद्याचे तपशील देशागणिक वेगळे असतात. तुमच्या ठिकाणचा नेमका कायदा काय म्हणतो हे वकीलच सांगू शकेल, आणि समझोता किंवा गंभीर आरोप मध्ये असेल तर त्याला विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका. पण धोका कोणत्या दिशांनी येतो हे दोन गाजलेल्या निकालांतून चांगले कळते. 1994 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स’ या खटल्यात असे ठरवले की माजी कर्मचाऱ्याबद्दल संदर्भ, म्हणजे रेफरन्स, देणाऱ्या मालकाने तो पुरेशी काळजी घेऊन दिला पाहिजे, आणि निष्काळजीपणे दिलेल्या संदर्भामुळे माजी कर्मचाऱ्याचे नुकसान झाले तर तो भरपाई मागू शकतो. या खटल्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की संदर्भ देणाऱ्यांच्या मनात आकस नव्हता. जे लिहिले ते त्यांना खरेच वाटत होते. तरीही ते पुरेसे ठरले नाही, कारण लिहिण्याआधी त्याची नीट शहानिशा झालेली नव्हती. तुमच्यासारख्या सरळ माणसाला नेमका हाच धोका असतो. बदनामीच्या हेतूने तुम्ही काही लिहिणार नाही. पण कानावर आलेली गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी लिहून बसाल.

दुसरा निकाल उलट दिशेचा आहे. 1997 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका शाळेतल्या अधिकाऱ्याचे प्रकरण आले. त्याच्यावर पूर्वीच्या ठिकाणी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेले असूनही तिथल्या लोकांनी त्याला कसलाही आडपडदा न ठेवता स्तुतीची पत्रे दिली होती, आणि नव्या शाळेत त्याने एका विद्यार्थिनीवर अत्याचार केल्याचा आरोप झाला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: गप्प राहणाऱ्यावर सहसा बोलण्याची सक्ती नाही, पण ज्याने माणसाच्या चारित्र्याची ग्वाही द्यायचे ठरवले त्याने, इतरांना शारीरिक इजा होण्याचा ठळक आणि आधीच दिसणारा धोका असताना, दिशाभूल करणारे अर्धसत्य लिहिता कामा नये.

हे दोन्ही निकाल त्या त्या ठिकाणापुरते आहेत, पण शेजारी ठेवून वाचले की तुमच्या पत्रासाठी एक कामाची कसोटी मिळते. एखादी गोष्ट न लिहिणे आणि ती न लिहिल्यामुळे लिहिलेले वाक्य खोटे पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची तुम्हाला बहुतेक वेळा मोकळीक असते, दुसऱ्याची कधीच नसते.

आता तक्रार घ्या. तुम्ही त्या मीटिंगला नव्हता. चौकशी पूर्ण झालेली नाही, म्हणजे निष्कर्ष नाही, आणि ज्या आरोपाला तिला पूर्ण उत्तर देण्याची संधी मिळाली की नाही हेही तुम्हाला ठाऊक नाही, तो आरोप तुमच्या पत्रातून तिच्या नव्या कंपनीपर्यंत जाणे योग्य नाही. तक्रारीचा उल्लेख करू नका, सूचकही करू नका. ‘काही परिस्थितीमुळे तिने कंपनी सोडली’ हे वाक्य उघड उल्लेखापेक्षाही वाईट, कारण वाचणारा त्यात मनाला येईल ते भरतो. पण उल्लेख टाळला की त्याबरोबर काही वाक्ये तुमच्या हातून जातात, हे ध्यानात असू द्या. ‘तिच्या वागणुकीबद्दल कधीही कोणाची तक्रार आली नाही’ हे आता तुम्हाला लिहिता येणार नाही. ‘सर्वांशी तिचे संबंध उत्तम होते’ हेही नाही, आणि ‘तिची शिफारस करताना माझ्या मनात कसलीही शंका नाही’ हे तर अजिबात नाही. शिफारसपत्रांच्या तयार नमुन्यांत हीच वाक्ये शेवटी चिकटवलेली असतात, म्हणून नमुना उतरवून काढू नका.

इथे एक मर्यादा आहे. तक्रार मीटिंगमधल्या बोलण्याची आहे म्हणून मी ती वगळायला सांगतो आहे. ती मारहाणीची, लैंगिक छळाची किंवा आर्थिक अफरातफरीची असती, तर माझा सल्ला सुरुवातीपासून वेगळा असता: पत्रच लिहू नका, संदर्भ विचारणाऱ्याला एचआरकडे पाठवा, आणि एचआरने वकिलाला विचारून ठरवावे.

आजारपणाविषयी तुमच्या मनात कदाचित असे असेल की ‘प्रकृतीच्या अडचणींवर मात करत तिने काम केले’ अशी एक ओळ लिहिली तर ते कौतुकच होईल. ती ओळ लिहू नका. आजाराची माहिती तिची खासगी आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांत तिला विशेष संरक्षण आहे; युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांत आरोग्याची माहिती वेगळ्या, अधिक जपावयाच्या वर्गात मोडते. नोकरी नाकारली गेली आणि त्यामागे तुमची ही ओळ होती असे दिसले, तर तुमचा हेतू कौतुकाचा होता हे सांगून फारसा उपयोग होणार नाही. रजांची संख्या, हजेरी, ‘शेवटच्या काळात उपलब्धता कमी होती’ ही सगळी त्याच माहितीची दुसरी रूपे आहेत, तीही बाहेर ठेवा.

याच कारणाने साप्ताहिक रिपोर्टच्या उशिराबद्दल लिहिण्याआधी एक काम करावे लागेल, आणि ते स्मरणावर विसंबून होणार नाही. तुमच्या मेलबॉक्समध्ये तिचे सगळे साप्ताहिक रिपोर्ट असतील. ते तारखेप्रमाणे लावा आणि ठरलेल्या दिवसानंतर आलेले कोणते ते पाहा. उशीर पहिल्या दोन वर्षांतही नियमित होता असे दिसले, तर ती तिच्या कामाच्या पद्धतीतली गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल लिहिता येते. उशीर फक्त शेवटच्या वर्षात, आजारपणाच्या महिन्यांतच सुरू झालेला असेल, तर ‘रिपोर्ट वेळेवर देत नाही’ असे लिहिणे म्हणजे आजाराचा दोष कामाच्या नावावर टाकणे होय. मग ती गोष्टही पत्रातून गेली. माणसाच्या स्मृतीत शेवटचे सहा महिने आधीच्या अडीच वर्षांना झाकून टाकतात, तेव्हा तारखा पाहिल्यावर तुमचे स्वतःचेच मत बदलले तर आश्चर्य वाटू देऊ नका. तिच्या वार्षिक मूल्यमापनाचे कागदही याच वेळी काढा. मूल्यमापनात तुम्ही ‘अपेक्षेप्रमाणे’ अशी नोंद केली असेल आणि पत्रात तीच गोष्ट गंभीर उणीव म्हणून आली, तर उद्या तुम्हाला त्या दोन कागदांचा मेळ घालून दाखवावा लागेल.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष मजकूर. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, तिच्याशी तुमचे कामाचे नाते काय, कोणत्या काळात, आणि तिचे काम तुम्ही किती जवळून पाहिले एवढेच येऊ द्या. तारखा एचआरच्या नोंदीतून घ्या. यात एक महिना इकडेतिकडे झाला तरी नव्या कंपनीच्या पडताळणीत विसंगती दिसते आणि संशय तिच्यावर येतो.

नंतरचा परिच्छेद हा पत्राचा गाभा आहे, आणि तिथेच बहुतेक पत्रे फुकट जातात. ‘ती अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि कामाला वाहून घेतलेली टेस्टर आहे’ या वाक्यातून निवड करणाऱ्याला काहीही कळत नाही. शिवाय विशेषणांत एक अदृश्य अडचण आहे. 2003 मध्ये फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली, तेव्हा स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने लहान होती आणि त्यांत मनात शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक वेळा होती, असे त्यांना आढळले. लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट होते असे मानण्याचे कारण नाही. सवयीने हात तसा चालतो. म्हणून तुमच्या टीममधल्या एखाद्या पुरुष टेस्टरसाठी पूर्वी लिहिलेले पत्र तुमच्याकडे असेल तर ते शेजारी ठेवा. त्याच्या पत्रात त्याने काय केले हे असेल आणि हिच्या पत्रात ती कशी आहे एवढेच असेल, तर हिचे पत्र पुन्हा लिहा.

तुम्ही सांगितलेला पैसे परत करण्याचा प्रसंग इथे हवा. तो कसा लिहावा हे दाखवतो. तपशील मी कल्पनेने भरले आहेत, तुम्ही तिने नोंदवलेला मूळ बग उघडून खरे भरा.

> ‘आमच्या पेमेंट प्रणालीच्या एका रिलीजच्या आदल्या दिवशी, ठरलेल्या सर्व चाचण्या पार पडल्यानंतर, तिने अंशतः परताव्याचा व्यवहार दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून एकाच वेळी करून पाहिला आणि ग्राहकाला रक्कम दोनदा परत जाते हे दाखवून दिले. ही चाचणी आमच्या यादीत नव्हती. तिने चूक पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या इतक्या नेमक्या लिहिल्या होत्या की डेव्हलपरला ती पहिल्याच प्रयत्नात दिसली. आम्ही रिलीज पुढे ढकलले. तिच्या बग-नोंदींचा हा दर्जा मी तीन वर्षे सातत्याने पाहिला.’

यात तिच्यासाठी एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला तिची कल्पकता, चिकाटी आणि लेखनातली स्पष्टता तिन्ही दिसतात, आणि मुलाखतीत तिला याबद्दल विचारताही येते. कायद्याच्या दृष्टीनेही असा परिच्छेद सर्वांत सुरक्षित असतो, कारण त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे बग-ट्रॅकरमधली एक नोंद उभी आहे. फक्त कंपनीची किंवा ग्राहकाची गोपनीय माहिती त्यात शिरू देऊ नका: ग्राहकाचे नाव, रकमा आणि आतल्या प्रणालींची नावे वगळा. शेवटच्या वाक्यातला ‘सातत्याने’ हा शब्दही तिच्या आणखी पाच-सहा नोंदी चाळून मगच ठेवा.

उणिवेचा परिच्छेद लिहिताना माणसे दोन टोकांना जातात. काही जण तिला इतके गोड करून लिहितात की ती उणीव राहतच नाही, ‘ती कधीकधी गरजेपेक्षा जास्त काम करते’ अशा थाटात. काही जण सभ्य दिसणारे, पण जाणत्याला इशारा देणारे वाक्य योजतात: ‘दिलेले काम तिने आपल्या परीने पार पाडण्याचा प्रयत्न केला.’ जर्मनीत तर अशा वाक्यांची एक अख्खी परिभाषाच तयार झालेली आहे, तिथे कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा हक्क आहे, आणि त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की प्रशस्तिपत्र स्पष्ट असावे व दिसतो त्याहून वेगळा अर्थ पोचवणारी शब्दयोजना त्यात नसावी. तुमच्या देशात असा नियम असो वा नसो, सांकेतिक वाक्यापासून लांब राहा. तिला त्याचा अर्थ कळला तर ती फसवणूक ठरेल, आणि नव्या कंपनीने इशारा समजून तुम्ही कधीच म्हटले नव्हते असे काही वाचले तर तेही तुमच्याच नावावर जाईल.

उणीव कशी लिहावी? ज्या कामासाठी ती अर्ज करते आहे त्याच्याशी संबंधित असेल तेवढीच, तुम्ही स्वतः पाहिलेली, आणि तुमच्या पाहण्याची मर्यादा सांगून. स्वभावावर शेरा नको, घडलेली कृती हवी. ‘तिला शिकवता येत नाही’ हा शेरा झाला, आणि तुम्ही तिला काम करताना कधी पाहिलेच नाही अशा परिस्थितीबद्दलही तो बोलतो. तुम्ही पाहिले ते बहुधा असे असेल:

> ‘माझ्या टीममध्ये तिच्याकडे इतरांच्या कामाची औपचारिक जबाबदारी नव्हती, त्यामुळे लीडच्या भूमिकेतले तिचे काम मी पाहिलेले नाही. नव्या सहकाऱ्यांचे काम तपासताना ती त्यातल्या चुका अचूक शोधत असे. त्या समजावून सांगून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेण्यापेक्षा स्वतः दुरुस्त करण्याकडे तिचा कल होता, आणि याबद्दल आमचे दोनदा बोलणे झाले होते. नेतृत्वाच्या पहिल्या भूमिकेत या बाबतीत तिला मार्गदर्शन मिळाल्यास उपयोग होईल असे मला वाटते.’

‘आमचे दोनदा बोलणे झाले होते’ हे वाक्य खरे असेल तरच ठेवा, आणि मूल्यमापनात त्याची नोंद असेल तर फारच चांगले. ज्या उणिवेबद्दल तुम्ही तिला कधी काही बोललाच नाहीत, ती तिला प्रथमच शिफारसपत्रात वाचायला मिळणे अन्यायाचे आहे. तसे असेल तर त्या वाक्याच्या जागी ‘माझ्या पाहण्यात आले’ एवढेच लिहा, आणि आधी तिच्याशी बोला. शेवटचे वाक्य मत आहे, हे त्यातल्या ‘मला वाटते’ने स्पष्ट होते, घटना आणि मत यांच्यातली ही रेघ पत्रभर ठळक ठेवा. साप्ताहिक रिपोर्टची गोष्ट तारखांच्या तपासणीत टिकली, तर तीही याच धर्तीवर एका वाक्यात लिहा, आणि बग-नोंदी मात्र उशिरा येत नसत हे खरे असेल तर तेही सांगा. टिकली नाही तर सोडून द्या.

यानंतर तुम्ही तिला फोन करावा असे मी म्हणेन, आणि मजकूर फोनच्या आधी नव्हे, नंतर पाठवावा. तिला सरळ सांगा: ‘टेस्टर म्हणून तुझ्याबद्दल मी मनापासून आणि तपशिलाने लिहिले आहे. लीड म्हणून मी तुला पाहिलेले नाही, त्यामुळे तशी ग्वाही मी देऊ शकत नाही, आणि शिकवण्याबद्दल मी हे लिहिले आहे. तक्रार किंवा रजा यांचा उल्लेख नाही. मजकूर पाठवतो. यात तारीख, नाव किंवा घडलेली गोष्ट चुकली असेल तर सांग, मी दुरुस्त करीन. माझे मत मात्र मी बदलणार नाही. हे पत्र नको असेल तर मी पाठवणार नाही, आणि मला वाईटही वाटणार नाही.’ या बोलण्यात तिच्या हाती खरी निवड येते. कदाचित ती म्हणेल, राहू दे, मी दुसऱ्या कोणाकडून घेते. तिच्या पूर्वीच्या कंपनीतल्या एखाद्या लीडने तिला नव्या मुलांबरोबर जास्त चांगले पाहिले असण्याचीही शक्यता आहे. कदाचित ती एखादा प्रसंग आठवून देईल, जिथे तिने कोणाला तरी खरेच शिकवले होते आणि तुम्ही ते विसरला होता. तसे झाले तर नोंदी पाहून तो प्रसंग पत्रात घाला; तिच्या सांगण्यावरून तथ्य दुरुस्त केल्याने तुमचा प्रामाणिकपणा कमी होत नाही.

ती रागावली, किंवा ‘फक्त चांगले लिहा ना, सगळेच लिहितात’ असे म्हणाली, तर पत्र देऊ नका. पातळ, निरुत्साही पत्र देणे हा नकारापेक्षा वाईट मार्ग आहे, कारण दोन ओळींचे कोरडे पत्र वाचून निवड करणारा जो अंदाज बांधतो तो सहसा तुमच्या खऱ्या मतापेक्षा वाईट असतो. त्याऐवजी, एचआरकडून हुद्दा आणि तारखांचे पत्र मिळवून देण्याची तयारी दाखवा, म्हणजे तिच्या अर्जात पोकळी राहणार नाही.

ती तयार असेल तर तिच्याकडून ईमेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: पत्र कोणत्या कंपनीसाठी आणि कोणत्या पदासाठी आहे, ते कोणाला पाठवायचे, आणि तिच्या कामाबद्दल त्या कंपनीशी बोलायला तिची संमती आहे. पत्र त्या नावानेच लिहा. ‘संबंधितांस’ असे लिहून तिच्या हाती दिलेले पत्र दोन वर्षांनी कोणत्या पदासाठी कोणापुढे जाईल हे तुम्हाला माहीत नसते. शिवाय अनेक देशांच्या बदनामीच्या कायद्यात सद्भावनेने दिलेल्या संदर्भाला जे संरक्षण असते, ते ज्याला तो जाणून घेण्याचे रास्त कारण आहे अशा व्यक्तीला दिलेल्या माहितीपुरतेच असते. हीच अडचण व्यावसायिक संकेतस्थळांवर जाहीरपणे लिहिलेल्या शिफारशींची आहे. तिथे तिने मागितले तर बग शोधण्याच्या प्रसंगाचा परिच्छेद तेवढा टाका आणि थांबा.

पत्र पाठवल्यावर फोन येईल, हे धरूनच चाला. अनुभवी माणसाला पत्रात जे नाही ते विचारायचे असते, आणि लेखी सावध राहिलेली माणसे फोनवर सैल सुटतात. फोनवर बोललेलेही संदर्भच आहे. त्याला पत्राइतकीच जबाबदारी चिकटते, वर नेमके काय बोललो याची नोंद तुमच्याकडे राहत नाही. म्हणून पत्र समोर ठेवून बोला, आणि त्याच्या मर्यादेबाहेर जाऊ नका. ‘तिने नोकरी का सोडली?’ या प्रश्नाला ‘ते तिलाच विचारणे योग्य होईल’ हे उत्तर द्या. ‘तिच्याविरुद्ध काही तक्रार होती का?’ असे थेट विचारले तर खोटे ‘नाही’ म्हणू नका आणि ‘हो, पण’ असेही सुरू करू नका. ‘शिस्तीच्या किंवा चौकशीच्या बाबतीत मी कोणाहीबद्दल बोलत नाही, ते प्रश्न एचआरला विचारावेत’ असे म्हणा. हे वाक्य तुम्ही खरोखर प्रत्येकाच्या बाबतीत वापरत असाल तरच त्यातून कोणताही संकेत जाणार नाही, म्हणून ज्याची नोंद कोरी आहे अशा माणसाच्या संदर्भातही ते हुबेहूब असेच म्हणण्याची सवय आजपासून लावून घ्या.

हमखास येणारा शेवटचा प्रश्न असतो: ‘तुम्ही तिला पुन्हा घ्याल का?’ यावर एका शब्दाचे उत्तर देऊ नका. ‘अवघड प्रणालीसाठी ज्येष्ठ टेस्टर हवी असेल तर तिचे नाव माझ्या यादीत असेल, लीडच्या जागेबद्दल मी मत देऊ शकत नाही, कारण ते काम मी पाहिलेले नाही’ असे सांगा, पहिला भाग तुम्हाला खरा वाटत असेल तरच. फोन ठेवल्यावर तारीख, विचारणाऱ्याचे नाव आणि दिलेली उत्तरे चार ओळींत स्वतःला ईमेल करून ठेवा, आणि तो ईमेल, एचआरचे उत्तर, तिची संमती व पाठवलेल्या पत्राची प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.